दोनदा फेसवॉश करूनही मेकअप चेहऱ्यावर का राहतो, आणि स्पंज-ब्रश नीट कसे धुवायचे

"ताई, रोज ऑफिसला मेकअप करते, लाँग वेअर फाउंडेशन आणि वॉटरप्रूफ मस्कारा. रात्री दोनदा फेसवॉशने तोंड धुते तरी सकाळी चेहरा मरगळलेला दिसतो, डोळ्यांखाली काळं आणि हनुवटीच्या कडेला बारीक बारीक पुळ्या. फाउंडेशनपण हल्ली पॅची बसतंय. ब्रश आणि स्पंज महिन्यातून एकदा धुते. नक्की काय चुकतंय?"

आज रात्री नेहमीसारखं दोनदा फेसवॉश कर, चेहरा पुस आणि मग एका पांढऱ्या कॉटन पॅडवर थोडं मायसेलर वॉटर घेऊन पाच जागा पुसून बघ. कपाळावर केसांची रेघ सुरू होते तिथे, कानासमोर, नाकपुडीच्या कडेला, खालच्या पापणीच्या मुळाशी आणि जबड्याच्या हाडाच्या खालच्या बाजूला. प्रत्येक जागेसाठी पॅडचा वेगळा कोरा भाग वापर म्हणजे कुठून काय निघालं ते कळेल. मी गेली बरीच वर्षं मेकअप करते आणि स्किन तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला आधी हेच करायला लावते. तू जे लिहिलंयस त्यावरून माझा अंदाज असा की गालाच्या मधे पुसलंस तर पॅड कोरा निघेल, पण जबड्याखाली आणि केसांच्या रेघेला बेज रंग येईल, पापणीपाशी काळा.

असं झालं तर तुझ्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन उलट गोष्टी चालल्यात. फेसवॉश लावताना हात आपोआप गालावर आणि कपाळाच्या मधोमध फिरतात, त्यामुळे तो भाग दोनदा धुऊन नको इतका कोरडा होतो आणि कडा तशाच राहतात. कोरडी ओढलेली स्किन निस्तेज दिसते, त्यावर बारीक पापुद्रे असतात आणि फाउंडेशन नेमकं त्या पापुद्र्यांना चिकटतं म्हणून पॅची. कडेला राहिलेला मेकअप रात्रभर घाम आणि तेलात मिसळून रोमछिद्रांत बसतो म्हणून पुळ्या हनुवटीच्या कडेला. आणि सकाळचं डोळ्यांखालचं काळं कॉटनने पुसल्यावर गेलं तर ते डार्क सर्कल नाहीच, रात्रीचा मस्कारा खाली उतरलाय. पुसूनही तसंच राहिलं तर मात्र तो वेगळा विषय, त्याला क्लीन्झिंगने फरक पडणार नाही.

तिसऱ्यांदा फेसवॉश केलास तरी हे सुटणार नाही. लाँग वेअर फाउंडेशनमधे सिलिकोन असतात आणि सुकल्यावर पातळ थर धरणारे पॉलिमर असतात, वॉटरप्रूफ मस्काऱ्यात मेण असतं. या सगळ्या गोष्टी पाण्याला आणि घामाला दाद देऊ नयेत म्हणूनच तर त्यात घातलेल्या असतात, मग पाण्यात कालवलेला फेसवॉश अर्ध्या मिनिटात त्यांचं काय करणार! मेण, तेल, सिलिकोन हे तेलकट गोष्टीतच विरघळतात. म्हणून आधी क्लीन्झिंग ऑइल किंवा क्लीन्झिंग बाम, आणि त्यानंतर एकदाच, परत सांगते एकदाच, साधा सौम्य फेसवॉश.

सुरुवात डोळ्यांपासून कर. लेन्स लावत असशील तर हात धुऊन लेन्स आधी काढ, मेकअप काढल्यावर नाही, कारण तेल आणि मस्काऱ्याचे कण लेन्सवर बसले की डोळा चुरचुरतो. वॉटरप्रूफ मस्काऱ्यासाठी बायफेज रिमूव्हर मिळतो, बाटलीत वर तेल आणि खाली पाणी असे दोन थर दिसतात तो. बाटली जोरात हलव, पॅड ओला कर आणि बंद डोळ्यावर नुसता टेकवून ठेव, वीस ते तीस सेकंद. घासायचं नाही. या वीस सेकंदांचा कंटाळा करून बहुतेक जणी लगेच घासायला लागतात आणि मग मस्कारा निघण्याऐवजी पापणीखाली पसरतो, डोळा लाल होतो, पापणीचे केसही तुटतात. वेळ दिलास की पॅड वरून खाली हलक्या हाताने ओढला तरी बराचसा मस्कारा सोबत येतो. उरलेल्यासाठी कॉटन बड रिमूव्हरमधे बुडवून पापणीच्या मुळाशी फिरव. काजळ किंवा लायनर आतल्या कडेवर लावत असशील तर ही कड विसरू नको, कारण तिथेच डोळ्यात तेल सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात आणि ती बुजली की डोळे कोरडे पडतात, रांजणवाडी होते. तुझा मस्कारा जर ट्यूबिंग प्रकारचा असेल तर मात्र तेलाने काही होणार नाही, तो कोमट पाण्याने ओला करून बोटांनी हलकेच ओढला की छोट्या नळ्यांसारखा निघून येतो.

मग चेहरा. इथे हात कोरडे आणि चेहरापण कोरडा हवा, हे सगळ्यात जास्त चुकतं. क्लीन्झिंग ऑइलमधे तेलासोबत इमल्सिफायर असतो, तो पाणी लागताक्षणी तेल पाण्यात मिसळायला लागतो, म्हणजे ओल्या चेहऱ्यावर लावलंस तर तेलाने मेकअप विरघळवायच्या आधीच ते वाहून जाणार आणि तू म्हणणार ऑइल क्लीन्झरने काही होत नाही. दोन ते तीन पंप घे, कमी घेतलंस तर बोटं ओढली जातात आणि घर्षण होतं. गालापासून सुरू न करता कडांपासून सुरू कर, म्हणजे केसांची रेघ, कानासमोर, जबडा, जबड्याच्या खाली मानेपर्यंत, मग नाकाच्या कडा, आणि शेवटी गाल. गाल काय, ते निघतातच. साधारण एक मिनिट पुरे. पाच-पाच मिनिटं मसाज करायचा ट्रेंड आहे, त्याने स्किन लाल होण्यापलीकडे मेकअप काही जास्त निघत नाही.

यानंतरची पायरी फार महत्त्वाची आणि बऱ्याच जणींना माहीतच नसते. थेट पाण्याने धुवायचं नाही. बोटं थोडी ओली करून चेहऱ्यावर फिरव, तेल दुधासारखं पांढरट होईल. परत थोडं पाणी, परत फिरव. हा पांढरट द्रव म्हणजे विरघळलेला मेकअप आता पाण्याबरोबर जायला तयार झाला. मग कोमट पाण्याने भरपूर धू. ही पायरी गाळली तर तेलाचा पातळ थर चेहऱ्यावर राहतो, त्यातच मेकअपचे कण, आणि दोन आठवड्यांनी पुळ्या वाढल्या की दोष तेलाला जातो. धुतल्यावर चेहरा बुळबुळीत लागत असेल तर इमल्सिफाय नीट झालं नाही असं समज.

घरातलं नारळाचं किंवा बदामाचं तेल चालेल का, हे पुढचं विचारशीलच. मेकअप विरघळेल, नक्की विरघळेल, पण त्यात इमल्सिफायर नाही म्हणून ते पाण्याने निघत नाही. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने पुसून काढावं लागतं आणि तरी थोडं राहतंच. कोरड्या स्किनला ते खपतं, तुला ऑलरेडी पुळ्या येतायत तर नको.

दुसरा वॉश म्हणजे तुझा नेहमीचा फेसवॉश, पण नखाएवढा, हातात फेस करून वीस-तीस सेकंद आणि बास. पाणी गरम नको. साबणाची वडी तर नकोच, साबणाचा पीएच नऊ-दहाच्या आसपास असतो आणि स्किनचा साधारण पाच, त्यामुळे धुतल्यावर ती करकरीत स्वच्छ वाटते खरी पण तो करकरीतपणा म्हणजे स्किनचं स्वतःचं तेल गेलंय. धुतल्यावर चेहरा मऊ लागला पाहिजे, हसताना गाल ओढल्यासारखे वाटता कामा नयेत. टॉवेलने टिपून घे आणि स्किन थोडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लाव. सकाळी जो फ्रेश चेहरा तुला हवाय त्यातलं निम्मं काम या मिनिटात होतं.

मायसेलर वॉटरबद्दल पण सांगते कारण खूप जणी फक्त त्यावर भागवतात. हलक्या मेकअपला ते चांगलं आहे, पण त्यातही साफ करणारे घटक म्हणजे सर्फॅक्टंट असतात आणि पुसल्यावर ते चेहऱ्यावर राहतात. बाटलीवर धुवायची गरज नाही असं लिहिलेलं असलं तरी मी नेहमी पाण्याने धुवायला सांगते, विशेषतः ज्यांची स्किन चुरचुरते त्यांना. वाइप्स मी फक्त प्रवासात मान्य करते. वाइप मेकअप काढतो कमी आणि पसरवतो जास्त, वर घासणं होतं ते वेगळंच.

आता स्पंज आणि ब्रश. पॅची बेसचा उरलेला दोष इथे आहे. महिन्यातून एकदा धुतलेल्या स्पंजच्या पोटात महिन्याभराचं फाउंडेशन साठलेलं असतं. तो भिजवला तरी पाणी नीट शोषत नाही, फुगत नाही, आणि चेहऱ्यावर टेकवला की नव्या फाउंडेशनसोबत जुनं घट्ट झालेलं पण थोडं थोडं सोडतो. कधी कधी नाकाच्या बाजूला रंग अचानक गडद दिसतो तो याच्यामुळे. विश्वास बसत नसेल तर तुझा जुना स्पंज, जो टाकायचाच आहे, तो मधोमध काप आणि आत बघ.

आणि स्पंज ब्रशपेक्षा जास्त धोक्याचा का, तर तो ओला वापरायचा असतो, आतून लवकर वाळत नाही, त्यात तेल आणि चेहऱ्यावरच्या मृत पेशी असतात, जंतूंना आणखी काय पाहिजे. ब्रिटनमधल्या अॅस्टन युनिव्हर्सिटीने 2019 मधे लोकांनी वापरलेली मेकअपची उत्पादनं आणि स्पंज तपासले होते, त्यात 93 टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते आणि 64 टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते, तरी वापर चालूच. त्या अभ्यासात जंतू सगळ्यात जास्त सापडले ते स्पंजवरच.

म्हणून स्पंज रोज धुवायचा, वापरल्यावर लगेच. तेव्हा फाउंडेशन ओलं असतं, दोन मिनिटांत निघतं, संध्याकाळपर्यंत ठेवलंस तर ते आत सुकतं आणि मग दहा मिनिटं जातात. आधी स्पंज कोमट पाण्याखाली पूर्ण भिजव, दाबून सोड, दाबून सोड, पूर्ण फुगेपर्यंत. मग सौम्य साबणाच्या वडीवर तो गोल फिरव किंवा बेबी शॅम्पू वर टाक आणि तळहातात दाबत राहा. फाउंडेशन लाँग वेअर असल्यामुळे तुला आधी डागांवर क्लीन्झिंग ऑइलचे एक-दोन थेंब चोळावे लागतील, मग साबण. पिळायचा नाही, नखं लावायची नाहीत, त्याने स्पंज आतून फाटतो आणि त्या भेगांत परत मेकअप अडकतो. धुताना पाणी स्वच्छ यायला लागलं की बऱ्याच जणी थांबतात, पण फेस यायचा थांबेपर्यंत दाबत राहायचं. साबण आत राहिला तर दुसऱ्या दिवशी तो चेहऱ्यावर येतो आणि फाउंडेशन फाटल्यासारखं दिसतं, वर स्किनला खाज.

फिकट डाग राहिला तर काळजी नको, तो रंग स्पंजच्या मटेरियलने धरलेला असतो. पण धुऊन वाळल्यावरही वास येत असेल किंवा काळे-हिरवे ठिपके दिसत असतील तर ती बुरशी आहे, तो स्पंज सरळ कचऱ्यात. उकळून, मायक्रोवेव्हमधे ठेवून वाचवायचा प्रयत्न करू नको. मायक्रोवेव्हचे व्हिडिओ खूप फिरतात, त्यात स्पंज कोरडा राहिला तर जळतो आणि ओला असेल तर बाहेर काढताना गरम पाण्याने हात भाजतो. वाळवायला हवेशीर जागा हवी. झाकणाच्या डबीत किंवा मेकअप पाऊचमधे ओला स्पंज टाकणं म्हणजे बुरशीला आमंत्रणच. रात्रभरात आतून वाळेलच असं नाही म्हणून दोन स्पंज ठेव आणि एक दिवसाआड आलटून-पालटून वापर. तीनेक महिन्यांनी बदलायचाच, आणि फाटला तर त्याआधी.

ब्रशचं थोडं वेगळं. अमेरिकेतली स्किनच्या डॉक्टरांची संस्था दर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुवायला सांगते, आणि पावडर, ब्लश यांच्या ब्रशला तेवढं पुरतं. पण फाउंडेशन आणि कन्सीलरचा ब्रश, म्हणजे जो क्रीम किंवा लिक्विडमधे बुडतो, तो रोज वापरत असशील तर आठवड्यातून दोनदा धू. तो धुवायचा झालाय हे कळतं पण, टोकाचे केस एकमेकांना चिकटून झुबके होतात आणि बेसवर झाडूसारख्या रेघा उठतात.

धुताना ब्रशचं डोकं कायम खाली. केस जिथे दांड्याला जोडलेले असतात तिथे धातूचं कडं असतं आणि त्याच्या आत गोंद. पाणी त्या कड्यात शिरलं की गोंद सैल होतो, मग केस गळतात, लाकडी दांडा फुगतो आणि तडकतो. म्हणून ब्रश ग्लासात भिजत ठेवायचा नाही, कधीच नाही. फक्त केस ओले कर, तळहातावर थोडा बेबी शॅम्पू घे आणि ब्रश हलक्या हाताने गोल फिरव. फाउंडेशनच्या सिंथेटिक ब्रशला आधी कोरड्यावरच क्लीन्झिंग ऑइल चोळ, मग शॅम्पू. खऱ्या केसांच्या, म्हणजे बकरीच्या वगैरे केसांच्या ब्रशला तेल नको, नुसता शॅम्पू.

मेकअप सगळ्यात जास्त साठतो तो केसांच्या मुळाशी, आणि टोकं स्वच्छ दिसली की आपण फसतो. केस मुळाजवळ दोन बोटांत दाबून खालच्या दिशेने सरकव, काय निघतं बघ. निघालेलं पाणी स्वच्छ होईपर्यंत हेच. मग पांढऱ्या टिश्यूवर ब्रश दाब, रंग उमटला तर परत एक राउंड. झाल्यावर टॉवेलमधे हलकं दाबून पाणी टिप, केसांना मूळचा आकार दे आणि टेबलाच्या कडेवर असा आडवा ठेव की डोकं कडेबाहेर राहील, म्हणजे सगळीकडून हवा लागते. उभा करून ठेवलास की पाणी उतरून कड्यात जातं. हेअर ड्रायरच्या गरम हवेने केस वाकडे होतात आणि गोंदालापण त्रास. दाट ब्रशला चोवीस तास लागू शकतात, म्हणून हे काम सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी कर. वरून कोरडा आणि आतून ओला ब्रश पावडरमधे बुडवलास की पावडरीवर कडक पापुद्रा धरतो आणि मग ती उचललीच जात नाही.

70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्प्रे करून काम भागेल का, असं विचारणाऱ्या खूप असतात. मी स्वतः एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जाताना ते वापरते, पण आधी धुतलेल्या स्वच्छ ब्रशवर. मेकअपचा थर तसाच असेल तर अल्कोहोल त्याच्या आतपर्यंत नीट पोचत नाही. 99 टक्के घेऊ नको, ते भरकन उडून जातं, जंतू मरायला थोडा ओलावा आणि थोडा वेळ दोन्ही लागतात. स्पंजवर अल्कोहोलचा फारसा उपयोग नाही.

तर तू असं कर. या आठवड्यात दोनच गोष्टी बदल, रात्री एका फेसवॉशच्या जागी ऑइल आणि सकाळी नवा स्पंज. फाउंडेशन, क्रीम, सीरम काही बदलू नको, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सगळे ब्रश धू आणि आठवड्याच्या मधे फक्त फाउंडेशनचा. दर दोन-तीन दिवसांनी कॉटन पॅडची तीच पाच जागांची टेस्ट कर, ऑइल आणि फेसवॉश दोन्ही झाल्यावर. पॅड कोरा यायला लागला की तुझा हात बसला असं समज. बेस पॅची दिसणं पहिल्या आठवड्यातच कमी व्हायला पाहिजे, डोळ्यांखालचं काळं तर दुसऱ्याच सकाळी. पुळ्यांना वेळ लागेल, चार ते सहा आठवडे, कारण आत्ता बुजलेली छिद्रं रिकामी व्हायला तेवढे दिवस जातात. मधेच घाबरून स्क्रब वगैरे सुरू करू नको.

ऑइल सुरू केल्यावर जर आधी नव्हत्या तिथेही पुळ्या आल्या तर आधी इमल्सिफाय करायची पायरी तपास, तरी थांबलं नाही तर तो क्लीन्झर तुला सूट होत नाही, दुसरा घे. सहा आठवडे नीट करूनही काहीच फरक नसेल, पुळ्या दुखऱ्या मोठ्या व्हायला लागल्या किंवा कपाळावर सगळ्या एकाच आकाराच्या खाजऱ्या पुळ्या असतील तर स्किनच्या डॉक्टरकडे जा. त्या खाजऱ्या बहुतेकदा यीस्टमुळे येतात, औषध वेगळं लागतं आणि तेलं लावून त्या वाढू शकतात. आणि मस्कारा तीन महिन्यांपेक्षा जुना असेल तर तोपण टाकून दे, डोळे लाल होत असतील तर आजच.